रवी वृषभेत, उणे पाच

ब्रॅकेटचं भोक चार शतांश मिलिमीटरने मोठं. लाल ट्रे.

शुक्र मीनेत. अधिक चार.

देवघराशेजारी फ्रेम केलेली पत्रिका. त्यात हळदीचा डाग आणि ही ओळ: *वार रविवार, सूर्योदयसमयी.*

गेनूमामांच्या गोठ्याजवळची खोली आता पार्किंग आहे. तिथे पिंटूचा टेम्पो उभा असतो.

नापास. नापास.

"पोरी, ह्यात माझी सही कुठं करायची?" या एका वाक्यावर तीन दिवस गेले.

---

मी उत्कर्षा. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाडीच्या सुट्या भागांची मापं घेते, बसलं तर हिरवा ट्रे, नाही बसलं तर लाल. तीन शिफ्ट, सहा वर्षं. राहायला संत तुकाराम नगरात, आई-वडील, आजी आणि भाऊ पिंटू यांच्याबरोबर. पिंपरीतली आमची जमीन कारखान्यात गेली, पण आम्ही गेलो नाही.

कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन दोन तास जातात. त्या दोन तासांत दोन वर्षं मी इंग्लंडमधल्या एका शाळेत पाश्चात्त्य ज्योतिष शिकत होते. जुन्या पद्धतीचं. शेवटची परीक्षा म्हणजे घरातल्या एका माणसाची कुंडली घ्यायची आणि सातही ग्रहांचं बळ हाताने मोजायचं. एक आकडा चुकला की नापास. तीनच संधी. पास झाले तर शाळा मला हिंदी बॅच शिकवायला देणार होती आणि मी लाल ट्रेला राम राम करणार होते.

दोन संधी गेल्या होत्या.

पहिली. मोबाइलवरचं अ‍ॅप आपल्याकडचं होतं. त्याने गुपचूप अयनांश वजा केला. म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या अंशांतून साधारण चोवीस अंश मागे. सगळे ग्रह जवळजवळ एक घर मागे सरकले आणि मी त्यांना तिकडच्या तक्त्याने मार्क दिले. इंची पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये लिहावं तसं. मी! जी रोज कॅलिब्रेशनचं स्टिकर बघितल्याशिवाय गेजला हात लावत नाही!

दुसरी. अंश बरोबर होते. पण आपल्याकडे स्वगृह असतं, उच्च असतं, नीच असतं. तिकडे चौथं एक असतं, डेट्रिमेंट. ग्रहाच्या स्वतःच्या घराच्या बरोबर समोरचं घर. आपल्या पत्रिकेत त्याला वेगळा रकाना नाही, म्हणून माझ्या हातानेही तो सोडला. डेट्रिमेंटमधला गुरू मी कोरा ठेवला. शाळेतल्या परीक्षक बाईंनी उत्तरात एकच ओळ लिहिली: "तुमच्याकडे गुरू मिथुनेत सुखात असतो का?"

तिसऱ्या संधीची मुदत रविवारी दुपारी साडेचारपर्यंत. त्यांच्याकडचे अकरा. या वेळी सोबत दोन गोष्टी हव्या होत्या. ज्याची कुंडली त्याची, निकालाच्या कागदावर, सही. आणि जन्मवेळ कुणी सांगितली, कशावरून सांगितली, ते.

मी अण्णांची कुंडली घेतली होती. म्हणजे माझ्या वडिलांची, यशवंतरावांची.

कशाला घेतली!

---

शुक्रवार, संध्याकाळ. मी नुकतीच पहिल्या शिफ्टवरून आले होते. आई राजगुरुनगरला मावशीकडे होती. तिचा शहाणपणा.

अण्णा कागद लांब धरून वाचत होते. चष्मा कपाळावर.

"रवी. उणे पाच." त्यांनी कागद आणखी लांब धरला. "टायपिंग मिस्टेक हाय."

"नाही अण्णा."

"माझा रवी उच्चीचा हाय. मेषेत, धा अंशावर. परमोच्च. धोंडीबा गुरुजींनी स्वतः सांगितलं. रविवारचा जन्म, सूर्योदयाचा, आणि रवी परमोच्च! गावात दुसरा कुणी दाखव."

हे मी जन्मल्यापासून ऐकत आले आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पाण्याच्या टाकीवरून झालेल्या भांडणात. समोरचा बोलायला लागला की अण्णा हात वर करून म्हणायचे, "माझा रवी उच्चीचा हाय," आणि खुर्ची पुढे ओढायचे.

"तुमच्या पत्रिकेत उच्चीचाच आहे," मी म्हटलं. "ती पद्धत वेगळी. यांची रास ऋतूवरून सुरू होते. दिवस-रात्र सारखे झाले की मेष चालू. त्यामुळे तुमच्या जन्मतारखेला, चोवीस एप्रिलला, रवी मेष संपवून वृषभेत गेलेला असतो. साडेतीन अंश आत."

"मग वृषभेत काय वाईट हाय?"

"वाईट नाही. तिथे त्याचं काही नाही."

आणि मग मी ती चूक केली. त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"हे बघा. ग्रह स्वतःच्या राशीत असला की अधिक पाच. रवीची स्वतःची रास सिंह. उच्च असला की अधिक चार. रवीला ते मेषेत. मग तत्त्वाचा मालक, अधिक तीन. अग्नी, पृथ्वी, वायू, जल, चारांपैकी कुठल्या तत्त्वाची रास आहे आणि जन्म दिवसाचा की रात्रीचा, त्यावरून मालक ठरतो. मग प्रत्येक राशीचे पाच लहान-मोठे तुकडे असतात, आपला तुकडा असला की दोन. मग दहा-दहा अंशांचे तीन भाग, त्यात आपला असला की एक. उलट बाजूला, स्वतःच्या राशीसमोर असला की उणे पाच. उच्चीच्या समोर, म्हणजे नीच असला, की उणे चार."

"माझा समोर हाय का?"

"नाही. समोर कुंभ. आणि नीच तुळेत."

"मग उणे कशाचे?"

"पाचही ठिकाणी काहीच मिळालं नाही तर तो उपरा. उपऱ्याला उणे पाच."

टीव्हीवर कुणीतरी वांग्याचं भरीत करत होतं.

"उपरा," अण्णा म्हणाले. "मी. पिंपरीत."

पिंटू सोफ्यावरून उठलाच. "अण्णा, आधार कार्ड दाखवा त्याला!"

"तू गप. आणि हा मंगळ? माझा मंगळ स्वगृही, मेषेचा."

"तोही वृषभेत. मंगळाचं दुसरं घर वृश्चिक, त्याच्या बरोबर समोर. डेट्रिमेंट. उणे पाच. तुकडा शुक्राचा, दहा अंश बुधाचे. कुणीही हात देत नाही."

"गुरू?"

"मिथुनेत. धनूसमोर. उणे पाच."

"शनी?"

"उपरा."

"चंद्र, बुध?"

"उपरे."

अण्णांनी बोटांवर मोजलं. सहा बोटं वर राहिली. मी म्हटलं, सगळ्यांची बेरीज करायची नसते, प्रत्येक ग्रह वेगळा बघायचा. त्यांनी केलीच.

"उणे तीस. ही कुंडली हाय का भंगारचं दुकान?"

"ताई, आणि मंगळ डेट्रिमेंटला पण आणि त्याला कुणी हात पण देत नाही, मग तो उपरा पण झाला ना? अजून पाच?" पिंटूला गणित शाळेत कधी आलं नाही, नेमकं इथे आलं.

"काही जण कापतात. आमच्या शाळेत, आधीच उणे असलेल्याला उपऱ्याचे वेगळे कापत नाहीत."

"म्हणजे अजून कापायला वाव हाय," अण्णा म्हणाले आणि कागद टीपॉयवर उलटा ठेवला. "सही न्हाई."

---

शनिवार. ओव्हरटाइम टाळला, सुपरवायझर ज्योतीरामचं तोंड बघितलं, घरी आले. वाटाघाटी पुढे चालू.

"बरं, पाच नको. उणे दोन कर."

"अण्णा, उणे दोन नावाचा आकडाच या तक्त्यात नाही."

"मग शून्य."

"शून्य लिहिलं तर नापास."

"एका आकड्यानं?"

"एका आकड्याने. तुमच्या नावावर एक गुंठा जास्त लिहा म्हटलं तर तलाठी लिहील का?"

हे उदाहरण द्यायला नको होतं. त्यांनी तीन तलाठ्यांची नावं सांगितली.

"माझा शनी बघा," मी शेवटी म्हटलं. "मेषेत. नीच. उणे चार. मी लिहिलं ना स्वतःच्या वहीत? मेले का?"

"तू लग्न केलं न्हाईस."

"त्याचा काय संबंध!"

"तेच म्हणतो मी, माझ्या रवीचा ह्या बाईशी काय संबंध?"

मी उठून कुकर लावला. कुकरला निदान किती शिट्ट्या झाल्या हे तरी कळतं.

भात वाढताना सातवा ग्रह आठवला. जन्मवेळेच्या भीतीने इतके दिवस शेवटी ठेवलेला.

"एक चांगलाय," मी म्हटलं. "शुक्र. मीनेत. उच्च. अधिक चार. पत्रिकेत तो कुंभेत आहे, म्हणून गुरुजींनी त्याचं नाव काढलं नाही."

अण्णांनी घास थांबवला. "शुक्र म्हणजे?"

"गोडी. माणसं जोडणं. गाणं, वास, खाणं, नटणं."

पिंटूने माझ्याकडे बघितलं, मी पिंटूकडे. अण्णांच्या कपाटात अत्तराच्या एकोणीस बाटल्या आहेत. लग्नाच्या पंगतीत आमटी चाखायला आचारी त्यांनाच बोलावतात. टाकीवरचं भांडण शेवटी मिटलं ते खुर्ची पुढे ओढल्याने नाही, दोन्ही पार्ट्यांना घरी बोलावून मासवड्या खाऊ घातल्याने.

"बायकी ग्रह," अण्णा म्हणाले. पण हळू. मग, "चारच का?"

"सात होऊ शकतात."

का बोलले मी हे!

"मीन जलतत्त्वाची. जलतत्त्वाचा मालक दिवसा शुक्र, रात्री मंगळ. सूर्य उगवल्यावर जन्म असेल तर शुक्राला अजून तीन. उगवायच्या आधी असेल तर नाही. आणि तुमच्या पत्रिकेत नुसतं 'सूर्योदयसमयी'. वर का खाली, ते नाही. त्या दिवशी सूर्योदय सहा वाजून नऊ मिनिटांनी होता."

"मग सव्वासहा लिही."

"लिहायचं नसतं अण्णा, विचारायचं असतं! वेळ कुणी सांगितली ते द्यावं लागतं."

"मी सांगतो की."

"तुम्ही तेव्हा जन्मत होता!"

---

रविवार. दुपारचे दोन. अडीच तास उरले.

घड्याळ बघून जन्मवेळ सांगणारं त्या दिवशी कुणी नव्हतं. होती फक्त माझी आजी, शालनबाई. वय अठ्ठ्याहत्तर, कान एकच चालतो, तोही मूड असेल तर. मी तिच्या चालू कानाशी बसले, वही घेऊन.

"आजी, अण्णा झाले तेव्हा उजाडलं होतं का?"

"कोण झालं?"

"अण्णा. यशवंत."

"यशवंता? भोंगा झाला तवा झाला."

मी पेन उचललं. कारखान्याचा भोंगा! पिंपरीत एक काळ अख्खा त्या भोंग्यावर चालायचा. दूध तापवणं, भाकरी टाकणं, भांडण संपवणं. मला माहीत होतं, सकाळी दोन भोंगे असत. पहिला सहाला, उठवायला. दुसरा साडेसहाला, गेट बंद करायला. आणि सूर्य मध्ये, सहा वाजून नऊ मिनिटांनी.

"पहिला का दुसरा?"

अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. "आये, दुसरा ना?"

"अण्णा! तुम्ही बाहेर जा! असं विचारायचं नसतं!"

"मी काय म्हणालो? मी 'ना' म्हणालो फक्त."

"तुम्ही साक्षीदार फोडताय!"

"भांडू नका," आजी म्हणाली. "दुसराच. तुझा आजा डबा न घेता पळाला. दुसरा व्हायला लागला की गेट लावायचं ते. म्या कळा देत व्हते आन् ह्यो बाबा चपला शोधतोय. भोंगा वाजून थांबला आन् ह्यो यशवंता रडला."

मी बारीकसारीक विचारलं. चपला कुठे होत्या? चुलीमागे. डब्यात काय होतं? भाकरी आणि लसणाची चटणी. दार कुठल्या बाजूला? पूर्वेला, ऊन उंबऱ्यावर होतं. तीन वेळा फिरवून विचारलं, तिन्ही वेळा तेच. क्वालिटीमध्ये आम्ही एकच माप तीनदा घेतो. तिन्ही सारखी आली की हिरवा ट्रे.

साडेसहा. दिवसाचा जन्म. शुक्र उच्चीचा चार, तत्त्वाचा मालक तीन. सात. तुकडा आणि दहा अंश दुसऱ्यांचे, तिथे काही नाही.

"सात," मी म्हटलं. अण्णांनी मान डोलावली, लिलाव जिंकल्यासारखी.

"आता रवी."

"अण्णा, रवीला दिवस-रात्रीने फरक पडत नाही. वृषभ पृथ्वीची रास. दिवसा शुक्र मालक, रात्री चंद्र. रवी कुठेच नाही. उणे पाच. वाटेल तेवढे भोंगे वाजवा!"

"मग सही न्हाई."

मला ओरडायचं होतं. ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. सहा वर्षं, तीन शिफ्ट, बसमधली शेवटची सीट, पाठ केलेले तक्ते, पाच तुकडे गुणिले बारा राशी, पहाटे पाचला कोणता तुकडा कुणाचा हे पुटपुटत चालताना गेटवरच्या वॉचमनला वाटायचं मी जप करते. "तुमच्या एका सहीवर माझं सगळं अडलंय," मी म्हटलं, "आणि तुम्ही एका आकड्यासाठी रुसलाय! खोटा आकडा घातला तर मी पास होणार नाही, खरा घातला तर तुम्ही सही करणार नाही. मी काय करू? सांगा ना!"

पिंटू आतून आला आणि परत आत गेला.

"काय म्हणतीय ती?" आजीने विचारलं.

"म्हणती मी उपरा," अण्णा म्हणाले. "म्हणं जिथं जन्मलो तिथं माझं काहीच न्हाई."

"मी असं नाही म्हटलं. मी म्हटलं रवी—"

"मग बरोबर हाय की," आजी म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"तू आपल्या घरात कुठं झालास? आपलं घर आदल्या सालीच कारखान्यात गेलं. आपण गेनूच्या खोलीत व्हतो, गोठ्याशेजारी. चूल त्याची, बाज त्याची, तुला गुंडाळला ते लुगडंबी गवराचं, गेनूच्या बायकोचं. आपलं म्हणायला एक विळा व्हता, तोबी बोथट. उपराच की. त्यात काय एवढं?"

"आजी, तसं नसतं ते," मी म्हटलं. "या आकड्याचा घराशी संबंध नाही. रवी उपरा म्हणजे त्या राशीत त्याचा हक्क नाही, एवढंच. एप्रिलच्या चोवीसला पृथ्वीवर जो जो जन्मला त्याचा रवी तिथेच. राजवाड्यात जन्मला असता तरी उणे पाच."

कुणी ऐकलं नाही. अण्णा खाली बसले होते, आजीच्या पायाशी.

"गवरामामीचं लुगडं?"

"हिरवं. इरलेलं."

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"तू कधी विचारलं? तू आपला उच्चीचा, उच्चीचा करत फिरतोस."

तीन वाजून चाळीस मिनिटं.

अण्णांनी कागद मागितला. चष्मा खाली घेतला. *रवी, वृषभ, उपरा, −५* या ओळीवर बोट ठेवलं, काही वेळ ठेवूनच होते. मग खिशातलं पेन काढून सही केली, 'यशवंतराव' मधला 'राव' सोडून.

"हे चुकीच्या कारणाने करताय," मी म्हटलं. मला राहवत नाही.

"सही हवी का कारण हवं?"

मी सही घेतली.

जन्मवेळेच्या रकान्यात लिहिलं: *सकाळी साडेसहा. माहिती देणाऱ्या: आई, शालनबाई. आधार: कारखान्याचा दुसरा भोंगा. तीनदा विचारून खात्री केली.* चार वाजून सोळा मिनिटांनी पाठवलं. अण्णांनी तोवर कपाट उघडून आजीच्या मनगटाला अत्तर लावलं होतं आणि ती म्हणत होती, "काय बायकी वास हाय!"

---

बाराव्या दिवशी उत्तर आलं. मी लाइनवर होते, हातात गेज. सातही ग्रह बरोबर. पास. बाईंनी खाली खास लिहिलं होतं की जन्मवेळेचा इतका पक्का आधार त्यांनी फार कमी विद्यार्थ्यांकडून पाहिला आहे, आणि भोंगा म्हणजे नेमकं काय ते त्यांना समजून घ्यायला आवडेल.

मी हिंदी बॅचचा पहिला धडा शुक्रावरच घेतला. उच्च चार, दिवसाचा मालक तीन, बेरीज सात. उदाहरण म्हणून अण्णांची कुंडली फळ्यावर काढली. तारीख चोवीस एप्रिल, वार रविवार, वेळ साडेसहा, आधार दुसरा भोंगा.

त्या कारखान्याला रविवारी सुट्टी असे, आणि सुट्टीच्या दिवशी भोंगा वाजत नसे.